कॅप्शनची लिपी : गोव्यातल्या मराठीत देवनागरी की रोमन

फोटो किंवा व्हिडिओखालचा मराठी मजकूर कुठल्या अक्षरांत टाकायचा हा प्रश्न सगळीकडेच पडतो, पण गोव्यात रोमन अक्षरं काही मोबाईलबरोबर आली नाहीत, पोर्तुगीज काळात गावांची नावं त्याच अक्षरांत कागदावर चढली आणि बोर्डांवर अजून तीच आहेत. पेडणे म्हणजे Pernem, डिचोली म्हणजे Bicholim, साखळी म्हणजे Sanquelim. तोंडाने पेडणे म्हणणारा माणूससुद्धा मॅपवर Pernem टाईप करतो.

वाचायला देवनागरीच बरी, यात मला शंका नाही. रोमनमध्ये ळ-ल, ण-न, ऱ्हस्व-दीर्घ सगळं सपाट होतं. `kal mala disla` म्हणजे काल मला दिसला की काल मळा दिसला, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही, आणि रील तोवर सरकलेली असते. फक्त व्हिडिओवर देवनागरी टाकताना दोन ओळींत जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात.

सर्चचं मात्र एवढं सोपं नाही. समजा कॅप्शन आहे "म्हापशातला शुक्रवारचा बाजार". सरळ अक्षरं जुळवणाऱ्या सर्चमध्ये कोणी 'म्हापसा' टाकलं तर हे सापडत नाही, कारण प्रत्यय लागला की सा चा शा होतो आणि 'म्हापसा' हा शब्द कॅप्शनमध्ये उरतच नाही. फोंड्यात, पेडण्यात, तीच गत. मोठी सर्च इंजिनं थोडंफार सांभाळून घेतात पण अॅपमधल्या छोट्या सर्चवर भरवसा नको. आता 'म्हापसा' रोमनमध्ये उतरवलं तर `Mhapsa` होतं, लोक शोधतात `Mapusa`. साखळीचं तर अजून अवघड, अक्षरामागे अक्षर लावून Sanquelim पर्यंत कोणी पोचूच शकत नाही, आणि नुसतं 'साखळी' शोधलं तर गळ्यातल्या साखळ्या पण येतात!

म्हणून वाक्य देवनागरीतच ठेवायचं आणि गावाचं नाव शेवटी प्रत्यय न लावता दोन्ही लिप्यांत एकेकदा द्यायचं, रोमन स्पेलिंग बोर्डावरचं:

```
म्हापशातला शुक्रवारचा बाजार, आंब्याची लोणची आणि चवरीस.
म्हापसा, गोवा | Mapusa, Goa
```

अख्खं वाक्य दोनदा लिहायची गरज नाही, त्याने वाचणारा कंटाळतो.

एक न दिसणारी अडचण देवनागरीतही आहे. 'ॲप' मधला ॲ काही कीबोर्ड एकच अक्षर म्हणून टाकतात, `U+0972`, आणि काही अ वर चंद्र देऊन, `U+0905 U+0945`. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण सर्चला दोन वेगळे शब्द. संशय आला तर तोच शब्द दुसऱ्या फोनवर टाईप करून आपल्या कॅप्शनमध्ये शोधून बघायचा, समोर दिसत असूनही सापडला नाही तर घोळ इथेच आहे.