शब्दकोडे : सरळ शोधसूत्रांचे लेखन व काठिण्य

चौकट पूर्ण भरून झाल्यावर प्रत्येक आडव्या-उभ्या शब्दासाठी व्याख्येवजा ओळ लिहिणे, म्हणजे सरळ शोधसूत्र लिहिणे. त्यात श्लेष किंवा अक्षरांची उलटापालट नसते. शब्द आता बदलता येत नाहीत, त्यामुळे कोडे सोपे की कठीण हे सूत्राच्या नेमकेपणावर ठरते : सूत्रात बसणारे शब्द जितके कमी, तितके ते सोपे.

‘पळस’ हा तीन अक्षरी शब्द घेऊ. ‘कुठेही गेलात तरी याला पाने तीनच’ हे सोपे सूत्र. म्हण ठाऊक असली की दुसरे उत्तर सुचत नाही. ‘पत्रावळीला पाने देणारे झाड’ हे मध्यम. वडाच्या पानांच्याही पत्रावळी होतात, पण ‘वड’ दोन अक्षरी असल्याने गळतो. ‘उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारे झाड’ हे कठीण, कारण पांगारा, सावर आणि बहावा हेही तीन अक्षरीच आहेत.

तरीही हे कठीण सूत्र चुकीचे नाही. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रा-अनुस्वारासह पूर्ण अक्षर बसते, म्हणून छेद देणारा एक शब्दही बरेच सांगून जातो. पहिल्या घरात ‘प’ आला की पांगारा बाद होतो, कारण त्याला ‘पां’ लागतो. मधले ‘ळ’ किंवा शेवटचे ‘स’ मिळाले तरी या चौघांत पळसच उरतो.

सूत्र नुसते ‘झाड’ असेल आणि तीनपैकी फक्त शेवटच्या घराला छेद असेल, तर मात्र कोडे फसते. तिथे ‘फणस’ही तितकाच बरोबर ठरतो आणि सोडवणाऱ्याला निवडीचा आधार उरत नाही. त्यामुळे ज्या शब्दांना छेद कमी, त्यांची सूत्रे आधी आणि नेमकी लिहावीत. मोघमपणा सगळीकडून छेदलेल्या शब्दांसाठी राखावा. एकमेकांना छेदणारी दोन्ही सूत्रे मोघम ठेवली तर तो कोपरा अडून बसतो. तपासायला सूत्राखाली तेवढ्याच अक्षरांचे सुचतील ते सर्व शब्द लिहावेत आणि छेदाची अक्षरे धरून एकेक खोडावा. दोन उरले तर सूत्र आवळावे.

‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ असे शास्त्रीय नाव दिले तर सूत्र अगदी नेमके होते, पण वनस्पतिशास्त्र न शिकलेल्याला ते अवघडच जाते. हे काठिण्य माहितीचे आहे, व्याख्येचे नव्हे. रोजच्या कोड्यात ते टाळावे.

सूत्राचे व्याकरणही उत्तराशी जुळावे लागते. उत्तर एकवचनी असेल तर ‘झाडे’ लिहून चालत नाही, आणि क्रियापदाचे सूत्र त्याच काळातले हवे. चौकटीत इतरत्र ‘पान’ हे उत्तर असेल, तर वरची पहिली दोन्ही सूत्रे बाद करावी लागतात, कारण त्यांतल्या ‘पाने’ या शब्दाने ते उत्तर उघड होते.