अंधारात फिरवलेला एलईडी

गणपतीच्या मखरासाठी दिवे जोडताना माझ्या दहावीतल्या भाच्याला एक खेळ सापडला. ऐरोलीच्या घरी हॉलमधले दिवे बंद करून त्याने लांब वायरीला लावलेला तांबडा एलईडी गरगर फिरवला. सलग वर्तुळ दिसायला हवं होतं, पण दिसल्या तुटक रेघा. "मामा, हा विझतोय कधी?"

जोडणी अगदी साधी होती. २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, एक ४००७ नंबरचा डायोड, १ किलोओहमचा रोध आणि एलईडी. (ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू मी जोडून बंद डब्यात ठेवली होती. त्या बाजूला मुलांनी हात लावायचा नाही.) घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. डायोड तिला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. का, हे कळायला डायोडच्या आत डोकवावं लागतं.

आत आहे सिलिकॉन. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात आणि ते चारही शेजाऱ्यांशी बंध करण्यात गुंतलेले. शुद्ध सिलिकॉनमध्ये घरातल्या तापमानाला सुमारे ५ लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन मोकळा सापडतो. आता दर एक कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घुसवा. फॉस्फरसकडे ५ इलेक्ट्रॉन; चार बंधात अडकतात, पाचवा मोकाट सुटतो. एवढ्याशा भेसळीने मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ५ लाख पट वाढतात! ही मुद्दाम केलेली भेसळ म्हणजे डोपिंग आणि तयार झालेला पदार्थ एन-टाइप.

फॉस्फरसऐवजी बोरॉन घातला तर उलटं होतं. त्याच्याकडे ३च इलेक्ट्रॉन, म्हणून एका बंधात जागा रिकामी राहते. ठाणे-वाशी लोकलमध्ये बाकावरची खिडकीची जागा रिकामी झाली की शेजारचा तिकडे सरकतो, मग त्याच्या शेजारचा. माणसं खिडकीकडे सरकली, रिकामी जागा मात्र दाराकडे आली. सिलिकॉनमधली ही रिकामी जागा म्हणजे होल, आणि ती धन प्रभारासारखी वागते. हा झाला पी-टाइप.

इथे परीक्षेत हमखास चूक होते. एन-टाइपवर ऋण प्रभार असतो, असं मुलं लिहून मोकळी होतात. तसं नाही. फॉस्फरसने एक इलेक्ट्रॉन जास्त आणला तसा केंद्रात एक प्रोटॉनही जास्त आणला. तुकडा उदासीनच राहतो.

खरी गंमत एकाच स्फटिकात पी आणि एन एकमेकांना भिडतात तिथे होते. सीमेजवळचे एनमधले इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होल भरतात. मागे राहतात जागचे न हलणारे अणू: एनच्या बाजूला धन झालेले फॉस्फरस, पीच्या बाजूला ऋण झालेले बोरॉन. हा ऋण पट्टा पुढच्या इलेक्ट्रॉनना ढकलून परत पाठवतो. पीला धन आणि एनला ऋण टोक जोडलं की हा अडसर खाली येतो आणि सुमारे ०.७ व्होल्टला प्रवाह धो-धो सुरू होतो. टोकं उलटी केली की इलेक्ट्रॉन आणि होल सीमेपासून दूर खेचले जातात, मधला रिकामा पट्टा रुंदावतो आणि वीज अडते.

आता रेघा मोजू. ट्रान्सफॉर्मरचे ९ व्होल्ट ही वर-खाली होणाऱ्या लाटेची एक प्रकारची सरासरी; तिचं शिखर साधारण १२.७ व्होल्टचं. त्यातले ०.७ डायोड घेतो, सुमारे २ तांबडा एलईडी. म्हणजे लाट २.७ व्होल्टच्या वर चढेपर्यंत एलईडी पेटतच नाही. एका फेरीच्या २० मिलिसेकंदांत तो साधारण साडेआठ पेटतो, साडेअकरा विझलेला असतो. म्हणूनच भाच्याच्या रेघा आखूड आणि मधल्या फटी जरा लांब होत्या.

मग आम्ही चार डायोडांचा ब्रिज केला. त्यात लाटेचा उलटा अर्धाही वळवून त्याच दिशेने पाठवला जातो. फटी जवळजवळ मिटायला हव्या होत्या, पण त्या होत्या तशाच राहिल्या. मल्टिमीटर डायोडवर ठेवून एकेक तपासला. तीन ठिकाणी एका दिशेने ०.६ च्या आसपास आकडा आला, चौथ्याला दोन्हीकडून तसा आकडा येईना. त्याच्या पायाचं सोल्डर सुटलं होतं. नशीब, सुटलेलंच होतं. डायोड उलटा बसला असता तर शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर तापला असता. रुपेरी पट्टीचं टोक म्हणजे एनची बाजू, हे जोडण्याआधी पाहायचं ते यासाठी.

डाग दिल्यावर सेकंदाला १०० रेघा आल्या, मध्ये जेमतेम दोन मिलिसेकंदांची फट. शेवटी ब्रिजच्या धन-ऋण टोकांना वीज साठवून फटीच्या वेळी पुरवणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, खुणेकडे बघून, कारण तो उलटा लागला तर फुटतो. भाच्याने एलईडी पुन्हा फिरवला. सलग तांबडं वर्तुळ. मी प्लग काढला, तरी ते क्षणभर तसंच राहिलं आणि मग मंदावत विझलं.