शंभर येनचा भाव आणि दोन शून्यांची चूक

चेक राष्ट्रीय बँक रोज विनिमय दरांचा जो तक्ता प्रसिद्ध करते, त्यात जपानी येनची ओळ साधारण अशी असते (दराचा आकडा उदाहरणापुरता घेतला आहे):

```
Japan|yen|100|JPY|15.234
```

दर 15.234 कोरुना आहे खरा, पण तो एका येनचा नसून, मधल्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे, शंभर येनचा आहे. एका येनचा दर तीनच दशांश स्थळांपर्यंत छापला असता, तर 0.152 एवढेच हाती लागले असते आणि पुढचे अंक गळाल्यामुळे सुमारे 0.2 टक्क्याची चूक प्रत्येक व्यवहारात शिरली असती. शंभराचा हिशेब धरल्याने ते अंक वाचतात.

आता 84,000 येन किमतीच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे उदाहरण घेऊ. 84,000 येन म्हणजे 840 शेकडे. 840 गुणिले 15.234 म्हणजे 12,796.56 कोरुना. मधला रकाना नजरेतून सुटला, तर उत्तर 12,79,656 येते. दोन्ही उत्तरांतले अंक तेच आणि त्याच क्रमाने असल्यामुळे, नुसत्या आकडेमोडीची फेरतपासणी करणाऱ्याला काहीच खटकत नाही. तरी इथे भिंगाची किंमत डोळ्यांत भरण्याइतकी फुगते. उलट दिशेने मात्र चूक सहज खपून जाते: 12,796.56 ला 15.234 ने भागले की 840 येते, आणि हे येन नसून शेकडे आहेत हे लक्षात न घेता तोच आकडा कोणी येन म्हणून लिहिला, तर 840 येन ही एखाद्या किरकोळ वस्तूची अगदी शक्य वाटणारी किंमत असते.

म्हणून तक्ता वाचताक्षणी दराला त्याच ओळीतल्या संख्येने भागून एका एककाचा दर काढावा आणि पुढच्या सगळ्या हिशेबात तोच वापरावा:

```
unit_rate = rate / amount
```

इथे 100 हा आकडा स्वतःच्या हाताने लिहून ठेवण्याचा मोह आवरावा, कारण याच तक्त्यात डॉलरपुढे 1, हंगेरीच्या फोरिंटपुढे 100, तर इंडोनेशियाच्या रुपियापुढे 1000 असतात. सगळीकडे शंभराने भागणारा डॉलरचा भाव शंभरपट पाडून बसेल आणि रुपियाचा दहापट चढवेल.

पडताळणीसाठी तिसरे चलन कामी येते. समजा, एका डॉलरला 23 कोरुना किंवा 151 येन मिळतात. तर एक येन सुमारे 23 भागिले 151, म्हणजे 0.152 कोरुनाचा असायला हवा. आपला दर याच्या आसपास न येता शंभरपट वर किंवा खाली आला, तर दोष बाजारातल्या चढउताराचा नाही, वाचताना सुटलेल्या रकान्याचा आहे.

येनच्या बाबतीत शंभराची आणखी एक जागा आहे, आणि ती या तक्त्याच्या बाहेरची. अनेक देयक प्रणाली रक्कम सेंटसारख्या लहान एककात साठवतात आणि दाखवताना शंभराने भागतात. येनला व्यवहारात असे लहान एकक नाही, त्यामुळे 500 येन तिथे 500 म्हणूनच साठवायचे असतात. कोणी सवयीने त्यांना शंभराने भागले आणि पुढे दराच्या बाबतीत शंभराने भागायचे राहून गेले, तर दोन्ही चुका एकमेकींना खोडतात. उत्तर बरोबर येते आणि दोहोंपैकी एक चूक दुरुस्त केल्याच्या दिवशी ते बिघडते.