शेवटच्या जागेवर काय ठेवायचं? मराठी कॅप्शनमधल्या पंचची पार्श्वभूमी

चित्राखाली किंवा रीलवर विनोदी कॅप्शन लिहिणाऱ्याला आज पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे हसवणारा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी न्यायचा. सल्ल्यात तथ्य आहे. हसू फुटल्यावरही चार शब्द उरले, तर वाचक ते शब्द वाचण्यात गुंततो आणि हसू विरतं. मराठीत अडचण अशी की वाक्याची शेवटची जागा बहुतेक वेळा क्रियापदाने अडवलेली असते, आणि गंमत असते ती नामात. मग नाम ओढून क्रियापदाच्या पलीकडे न्यायचं की नाही, यावर लिहिणाऱ्यांमध्ये गेली काही वर्षं सरळ दोन तट आहेत. तो वाद समजून घ्यायचा तर कॅप्शन लहान कशी होत गेली ते आधी पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकातल्या कॅप्शन लांबलचक असत. 1841 मध्ये लंडनला सुरू झालेल्या विनोदी साप्ताहिकात चित्राखाली छोटा नाट्यप्रवेशच छापला जाई: प्रसंगाचं वर्णन, एकाचं वाक्य, दुसऱ्याचं उत्तर. त्याच साप्ताहिकातलं 1895 चं एक चित्र आजही सांगितलं जातं. बिशपच्या टेबलावर जेवायला बसलेल्या तरुण धर्मोपदेशकाच्या वाट्याला नासकं अंडं येतं. यजमानाच्या ते लक्षात येतं, तेव्हा हा घाईघाईने सांगतो की त्या अंड्याचे काही भाग अगदी उत्तम आहेत. मूळ इंग्रजी ओळ ‘उत्तम’ या अर्थाच्या शब्दावर संपते. मराठीत ती ‘आहेत’वर संपते, आणि तेवढ्याने ती ढिली पडते. पुढे 1925 मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या एका साप्ताहिकाने एकाच पात्राच्या तोंडची एकच ओळ हा प्रकार रूढ केला. ओळ एकच म्हटल्यावर शेवटच्या शब्दावरचा भार आपोआप वाढला.

मराठीत वेळेचा खेळ सर्वांत धीटपणे खेळला तो विनोदी दिवाळी अंकांनी, आणि तोही शब्दांच्या आधी कागदाने. 1951 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एका अंकाने खिडकीचित्रं घराघरांत पोहोचवली. पानाला चौकोनी भोक, त्यातून आतल्या चित्राचा एक तुकडा दिसायचा. त्या तुकड्यावरून वाचकाच्या मनात एक अर्थ तयार व्हायचा, बहुधा चावट. पान उलटलं की तोच तुकडा भलत्याच निरुपद्रवी गोष्टीचा निघायचा. इथे पंच उशिरा पोहोचवण्याचं काम पान उलटायला लागणाऱ्या वेळाने केलं, आणि आधी दिसलेल्या तुकड्याने वाचकाला स्वतःहून चुकीच्या वाटेवर जाऊ दिलं. चांगली कॅप्शन हे दोन्ही एका ओळीत करते. या चित्रांना केवळ चावटपणासाठी लक्षात ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता मूळ वादाकडे. एक चित्र डोळ्यांसमोर आणा: नवं ग्रंथालय, दाराला फीत, हातात कात्री घेतलेले पाहुणे, शेजारी समितीचे अध्यक्ष माहिती देताहेत. इमारतीचा आतला भाग दिसत नाही. पहिला खर्डा असा होतो: ‘या ग्रंथालयात पुस्तकं सोडून बाकी सगळ्या सोयी आहेत.’ विनोद आहे, पण तो ‘पुस्तकं सोडून’पाशीच संपला. त्यापुढचे चार शब्द नुसतेच मागून येतात. बोलताना आपण सहज जे करतो ते केलं, तर ओळ होते: ‘सगळ्या सोयी आहेत, पुस्तकं सोडून.’ ही बरीच चांगली. तरीही पंचचा शब्द शेवटून दुसरा राहतो, कारण मराठीत ‘सोडून’, ‘शिवाय’, ‘साठी’ हे सगळे नामाच्या मागेच येतात आणि शेवटची जागा घेतात.

इथे एक तट म्हणतो, नाम सरळ शेवटी टाका: ‘एसी लावला, लिफ्ट बसवली, ठेवायला विसरलो पुस्तकं.’ हे लिहिणारे सांगतात की बोलताना मराठी माणूस क्रियापदानंतर शब्द टाकतोच, कवितेत तर सर्रास टाकतात, मग कॅप्शनमध्ये का नको? बोलताना टाकतो हे खरं. पण काय टाकतो ते पाहायला हवं. ‘दिलीस का चावी त्याला?’ या वाक्यात चावी आणि ‘तो’ या दोन्ही गोष्टी बोलणाऱ्यांना आधीपासून ठाऊक आहेत. क्रियापदामागे येतं ते असं जुनं, ठाऊक असलेलं. तिथे आवाजही खाली येतो. नवी, जोर द्यायची गोष्ट मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी बसते: ‘त्याला चावीच दिली.’ म्हणून ‘विसरलो पुस्तकं’ असं लिहिलं की जिथे आवाज चढायला हवा, नेमका तिथेच तो पडतो. ओळ मोठ्याने वाचून पाहिली की हे कानाला लगेच कळतं.

या तटाने त्यावर उपाय काढला तो डॅशचा किंवा टिंबांचा: ‘ठेवायला विसरलो – पुस्तकं.’ उपाय चालतो, कारण डॅशमुळे शेवटचा शब्द वेगळं वाक्य होतो आणि आवाज पुन्हा चढतो. पण त्याची किंमत आहे. डॅश दिसला की पुढे गंमत आहे हे वाचकाला आधीच कळतं, आणि प्रत्येक कॅप्शनमध्ये तो आला की वाचक डॅशपाशीच अंदाज बांधायला लागतो. गेल्या काही वर्षांतल्या कॅप्शन सलग वाचल्या तर ही खोड ठळक दिसते.

दुसऱ्या तटाचं म्हणणं मला अधिक पटतं: नाम शेवटी नेणारी रचना मराठीत आधीपासूनच आहे, तीच वापरा. ‘एसी आला, लिफ्ट आली, पार्किंग झालं. आता उरली ती फक्त पुस्तकं.’ ‘उरली ती’, ‘हरवलं ते’, ‘आला तो’ असं म्हटलं की क्रियापद आधी उरकतं, वाचक ‘ती कोण?’ या प्रश्नावर क्षणभर थांबतो आणि नाम पूर्ण जोराने शेवटी येतं. डॅशची गरज पडत नाही. यात ‘फक्त’ ठेवायचा की काढायचा, हाही बारकाईने पाहण्याचा भाग आहे. ‘फक्त’, ‘पण’, ‘मात्र’ हे शब्द वळण येणार असल्याची सूचना देतात. ‘आता उरली ती पुस्तकं’ अशी ओळ थोडी रुक्ष वाटते, पण धक्का जास्त देते. सगळ्यात जुनी पळवाट संवादाची: प्रश्न एकाचा, आणि दुसऱ्याचं उत्तर एका शब्दाचं. उत्तराला क्रियापद लागतच नाही. ‘सगळं झालं की! आता काय राहिलं?’ ‘पुस्तकं.’

नाम शेवटी नेण्याच्या हट्टात एक गोष्ट मात्र विसरली गेली, आणि तिची खंत वाटते. मराठीत नकार शेवटी येतो. म्हणजे संपूर्ण वाक्य एका दिशेने नेऊन शेवटच्या शब्दावर उलटवायची सोय भाषेनेच दिली आहे. मंगल कार्यालयात लग्नाच्या दिवशी अंधार झालेला, व्यवस्थापक वधूपित्याला सांगतोय: ‘जनरेटर आहे, डिझेल आहे, वायरमन आहे. किल्ली नाही.’ तीन वेळा आलेल्या ‘आहे’ने कानाला सवय लावली आणि ‘नाही’ने ती मोडली. इथे ‘किल्ली मात्र नाही’ केलं तर ‘मात्र’पाशी वाचक सावध होतो. ‘नाही आहे ती किल्ली’ केलं तर सगळंच सांडतं. ‘म्हणे’चंही तसंच. खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याच्या चित्राखाली ‘रस्त्याचं काम पूर्ण झालं म्हणे’ लिहिलं, की आधीच्या चार शब्दांचा दावा त्या एका शब्दाने ऐकीव ठरतो. क्रियापदाची जागा अडचणीची आहे असं मानणाऱ्यांनी या दोन शब्दांकडे पाहावं.

एका गोष्टीला मात्र शेवटचा शब्दही उपयोगी पडत नाही. चित्र नेहमी ओळीच्या आधी वाचलं जातं. ग्रंथालयाच्या चित्रात रिकामी कपाटं दाखवली असतील, तर ‘पुस्तकं’ हा शब्द कुठेही ठेवला तरी उशीर झालेला असतो. अशा वेळी तो शब्द कॅप्शनमधून काढतात आणि अध्यक्षांच्या तोंडी ‘आता उरली ती किरकोळ कामं’ असं काहीतरी देतात. राहिलेला अर्थ चित्र पुरवतं.

सबटायटल आल्यावर हाच प्रश्न घड्याळाने मोजायचा झाला. प्रचलित संकेतांप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, रोमन लिपीत एका ओळीत साधारण 42 अक्षरं आणि एक तुकडा फार तर 7 सेकंद पडद्यावर. मराठी नट ‘नाही’ शेवटी म्हणतो, पण खालच्या इंग्रजी ओळीत नकार बहुधा सुरुवातीलाच असतो. शिवाय डोळा कानापेक्षा वेगाने धावतो. त्यामुळे इंग्रजी वाचणारे आधी हसतात, मराठी ऐकणारे नंतर. यावर वाक्य दोन तुकड्यांत तोडतात आणि पंचचा तुकडा नटाच्या शब्दाबरोबरच आणतात. मर्यादा अशी की एक तुकडा किमान पाऊण सेकंदाहून थोडा अधिक, म्हणजे 24 फ्रेमच्या चित्रपटात 20 फ्रेम, टिकायला हवा असा संकेत आहे. नट भरभर बोलला आणि लगेच दुसऱ्याने तोंड उघडलं, तर तोडायला जागाच उरत नाही. तेव्हा इंग्रजी वाक्याची रचनाच बदलावी लागते.

मीमचा जमाना सुरू झाला तो चित्राच्या वर एक आणि खाली एक अशा दोन ओळींनी. 2007 च्या आसपास मांजरांच्या चित्रांवर हा साचा जगभर गेला. वर तयारी, खाली पंच, मध्ये चित्र: विराम साच्यातच होता. मराठीत तो आला तेव्हा अनेकांनी वाक्य मधोमध तोडून क्रियापद खाली टाकलं, आणि खालची ओळ नुसतीच ‘करत होता’ अशी उरली. ज्यांनी खाली पूर्ण उत्तर किंवा एकटं ‘नाही’ ठेवलं, त्यांच्या ओळी अजून फिरतात. आता पडद्यावर एकेक शब्द उमटवणाऱ्या कॅप्शनचा काळ आहे आणि तिथे प्रश्न उलट्या बाजूने येतो. ‘पुस्तकं’ उमटलं, लोक हसले, आणि मग ‘आहेत’ एकटंच येऊन मोठ्या अक्षरांत उभं राहतं. हाताने कॅप्शन बसवणारे म्हणून शेवटचे दोन शब्द एकाच तुकड्यात जोडतात, किंवा ‘आहेत’ पडद्यावरून काढून फक्त आवाजात राहू देतात. ‘नाही’ला मात्र ते स्वतंत्र तुकडा देतात.