माटोळी बांधताना कंबर का धरते?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीला मामाच्या घरी माटोळी बांधायची असते. गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला लटकवायची नारळांचे घोस, सुपारीचे घड, चिबूड, तोरिंगां, रानातली माट्टी आणि कांगलां. मामा एकसष्ट वर्षांचा, सगळी नोकरी टेबलावर वाकून लिहिण्यात गेलेली. स्टुलावर उभा राहून तो दोन तास डोक्यावर सुंभाच्या गाठी मारतो, आणि दुसऱ्या दिवशी आरतीला एक हात कंबरेवर ठेवून उभा असतो. "काम केलं हातांनी, मग कंबर का धरते गो?" असं त्याने मला विचारलं. मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे हा प्रश्न मला टाळता येणार नव्हता.

त्या वर्षी मी खाली उभी राहून त्याच्याकडे बाजूने बघत राहिले. सुपारीचा घड उचलून त्याने दोन्ही हात वर नेले. कपाळाच्या उंचीपर्यंत सगळं ठीक होतं. त्यापुढे छाती वर उचललीच गेली नाही. त्याऐवजी खालच्या बरगड्या पुढे आल्या, शर्ट वर सरकला, पट्ट्याचं बक्कल पुढे गेलं आणि कंबरेला धनुष्यासारखा बाक आला. गाठ बसेपर्यंत तो तसाच उभा. मग दुसरी गाठ, पुन्हा तोच बाक.

हात सरळ वर जातो तेव्हा तो एकट्या खांद्याने जात नाही. दंडाचं हाड खोबणीत फिरतं, आणि ती खोबण ज्या हाडावर आहे तो खवाटा, म्हणजे खांद्यामागचं तिकोनी चपटं हाड, बरगड्यांवरून घसरत वर वळतो. पूर्ण 180 अंशांपैकी साधारण 120 अंश खोबणीतून आणि 60 खवाट्यातून, हे ढोबळ गणित 1944 पासून आमच्या पुस्तकांत आहे. पण खवाटा ज्यावर घसरतो तो बरगड्यांचा पिंजरा तरी स्थिर कुठे असतो? दोन्ही हात पूर्ण वर जाताना छातीमागचे बारा मणके मिळून दहा ते पंधरा अंश मागे झुकतात. ही हालचाल बाहेरून जाणवतही नाही.

पंधरा अंश म्हणजे किती, हे हाताच्या टोकाशी कळतं. खांद्यापासून बोटांपर्यंत 70 सेंटिमीटर धरले, तर पंधरा अंश कमी पडल्यावर बोटं जिथे पोचायची तिथून सुमारे 18 सेंटिमीटर अलीकडे राहतात. म्हणजे एक वीत. माटोळीची चौकट काही वीतभर पुढे सरकत नाही, त्यामुळे ती वीत शरीराला दुसरीकडून आणावी लागते.

छातीमागचे मणके मुळातच मागे कमी झुकतात. प्रत्येकाला बरगड्या जोडलेल्या, आणि मधल्या मणक्यांची मागची टोकं खाली उतरती, आपल्या घराच्या कौलांसारखी एकावर एक चढलेली. वर्षानुवर्षं पुढे वाकून बसलं की असलेली थोडी हालचालही वापराबाहेर जाते. कंबरेच्या मणक्यांना बरगड्यांची अडवणूक नाही, ते सहज मागे झुकतात. म्हणून उणी वीत बहुतेक वेळा तिथून निघते. तसं एकदा झुकण्यात काहीच वाईट नाही. पण मणक्यांमागचे छोटे सांधे शेवटच्या टोकाला दाबून धरायचे, आणि तेही दोन तास, हाच कंबरेवरचा खरा भार.

काहींचं शरीर दुसरी वाट धरतं. पाठ वर गोल असली की खवाटा पुढे कलतो, खोबणीचं तोंड खाली जातं, आणि त्याच उंचीसाठी दंडाला जास्त झगडावं लागतं. हे आता बसल्या जागी बघा. पाठीला पोक काढून बसा आणि एक हात बाजूने वर न्या. मग ताठ बसून तोच हात पुन्हा न्या. फरक जाणवेलच. प्रयोगात तो वीस अंशांहून जास्त भरला आहे, आणि पोक काढल्यावर खांद्याची ताकदही कमी भरली.

मामाची तपासणी मी भिंतीला टेकवून केली. बुटक्या स्टुलावर बसायचं, कंबर भिंतीला चिकटलेली, अंगठे मागे करून दोन्ही हात वर. कंबर न हलवता मामाचे अंगठे भिंतीपासून वीतभराहून दूर राहिले. मग म्हटलं, "आता तुला हवे तसे ने." अंगठे भिंतीला टेकले, पण कंबर आणि भिंत यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ गेली. उणी वीत कुठून येत होती, ते त्याला तिथेच दिसलं.

तरी दोष पाठीचाच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. खांदा आखडला असेल, किंवा कंबरेपासून दंडापर्यंत जाणारा पाठीचा रुंद स्नायू तोकडा असेल, तरी हेच दिसतं. म्हणून मी त्याला चटईवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडून, डोक्याखाली पातळ उशी. टॉवेलची मनगटाएवढी जाड वळकटी करून ती खवाट्यांच्या खालच्या टोकांशी आडवी सरकवली. कंबर उचलू न देता हात वर न्यायला लावले. वळकटीशिवाय जमिनीपासून वीतभर राहणारे अंगठे आता चार बोटांवर आले. म्हणजे निम्म्याहून जास्त उणीव वरच्या पाठीची, उरलेली खांद्याची आणि त्या स्नायूची. वळकटीने काहीच फरक पडला नसता, तर मी खांद्याकडे वळले असते. कोपर अंगाला चिकटवून हाताचा पंजाही बाहेर वळेना, तर गोठलेल्या खांद्याची शंका घ्यायची. तिथे पाठीच्या व्यायामाने फारसं साधत नाही.

हीच तपासणी मामाचा व्यायाम झाली. वळकटीवर पडून पाच-सहा सावकाश श्वास, प्रत्येक उच्छ्वासाला बरगड्या खाली बसू द्यायच्या आणि हात जातील तेवढेच जाऊ द्यायचे. मग वळकटी दोन बोटं वर सरकवून पुन्हा. रोज दहा मिनिटं. कंबर चटईवरून उठली की व्यायाम फुकट, कारण मग मागे झुकते ती पुन्हा कंबरच. पहिल्या दिवशी मिळालेली मोकळीक दुसऱ्या सकाळी बरीचशी गेलेली असते, ती टिकायला काही आठवडे लागतात.

मामीला मात्र मी वळकटीवर झोपू दिलं नाही. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि उंचीही कमी झाली आहे. अशा बाईचा बाक मणके पुढून दबल्यामुळे आलेला असू शकतो, आणि त्यावर जोर लावणं धोक्याचं. हातापायाला मुंग्या येत असतील किंवा रात्री झोप मोडण्याइतकं दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे.

आणखी एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगते. पाठीला बाक आहे म्हणून खांदा दुखणारच, असं नाही. खांदा दुखणाऱ्यांची आणि न दुखणाऱ्यांची पाठ मोजली, तर बाकात ठळक फरक सापडत नाही. बाकाने हाताची पोच कमी होते, एवढं खात्रीने म्हणता येतं. दुखणं पोचेवर ठरतं, तसंच ते किती वेळ आणि किती वजन धरलं यावरही ठरतं.

म्हणून पुढच्या चतुर्थीला आम्ही स्टूल काढून रुंद, भक्कम बाकडं ठेवलं, वीतभर जास्त उंच. चौकट मामाच्या कपाळासमोर आली. जड घोस भाच्यांनी वर दिले, आणि दर पाच गाठींनंतर त्याने हात खाली सोडले. मी बाजूने त्याच्या पट्ट्याच्या बकलाकडे बघत होते. सुपारीचा शेवटचा घड बांधला तेव्हा ते जागचं हललं नव्हतं.