स्क्रीनशॉटची चौकट

प्रेझेंटेशनमध्ये लावायच्या स्क्रीनशॉटभोवती फोन किंवा लॅपटॉपच्या आकाराची चौकट, किंवा नुसती पातळ कड आणि हलकी सावली, देण्याची ही पद्धत. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्रोजेक्ट रिव्ह्यूपासून हिंजवडीतल्या डेमोपर्यंत ती सर्रास दिसते. ॲपचा स्क्रीन बहुधा पांढरा असतो आणि स्लाइडही पांढरी. कड नसेल तर चित्र कुठे संपलं आणि स्लाइड कुठे सुरू झाली ते कळत नाही, स्क्रीनवरची बटणं स्लाइडवर सुटी पडल्यासारखी दिसतात.

चौकट की कड, हे आधी ठरवावं. ‘हे फोनवर चालतं’ हेच सांगायचं असेल तर फोनची चौकट योग्य. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवायचा असेल तर चौकट नुसती जागा खाते. उदाहरणार्थ, बसच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपचा 1080 × 2400 पिक्सेलचा स्क्रीनशॉट घेऊ. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड 33.87 × 19.05 सेंटीमीटरची असते. मथळ्याची जागा सोडून फोनला 14 सेंटीमीटर उंची दिली, तर रुंदी 6.3 सेंटीमीटर येते. 1920 × 1080 च्या प्रोजेक्टरवर ही उंची साधारण 794 पिक्सेल भरते, म्हणजे चित्र एक तृतीयांश झालं. मूळ चित्रात 42 पिक्सेल उंच असलेली ‘स्वारगेट ते कात्रज’ ही ओळ 14 पिक्सेलवर येते; मात्रा आणि अनुस्वार अक्षरांना चिकटतात, मागच्या बाकावरून काही वाचता येत नाही. अशा वेळी स्क्रीनशॉटचा कामाचा अर्धा भाग, 1080 × 1200, कापून घ्यावा. त्याच 14 सेंटीमीटर उंचीत तो 12.6 सेंटीमीटर रुंद बसतो आणि अक्षरं दुप्पट होतात. अर्ध्या कापलेल्या स्क्रीनला फोनची चौकट मात्र देऊ नये, तो बुटका फोन खोटा दिसतो. त्याला कडच बरी.

कड शक्यतो स्लाइडमध्येच द्यावी, चित्रात रंगवून आणू नये. मूळ चित्रात रंगवलेली 2 पिक्सेलची रेघ एक तृतीयांश झाल्यावर पिक्सेलभरही उरत नाही. एका बाजूला दिसते, दुसरीकडे गायब होते. शिवाय दोन स्क्रीनशॉट वेगवेगळ्या मापाला लहान केले की दोघांच्या कडा वेगळ्या जाडीच्या होतात. पॉवरपॉइंटमध्ये `Picture Border` ची 1 पॉइंटची रेघ चित्र कितीही लहान केलं तरी 1 पॉइंटचीच राहते. सावलीसाठी पारदर्शकता 75 ते 80 टक्के, धूसरपणा 12 पॉइंट, अंतर 3 पॉइंट आणि कोन 90 अंश ठेवला, म्हणजे सावली खाली पडते आणि नजरेत खुपत नाही. खिडक्यांतून उजेड येणाऱ्या वर्गात अशी सावली धुऊन निघते. #E5E5E5 सारखी फिकट रेघही दिसेनाशी होते, म्हणून तिथे #A6A6A6 इतका गडद करडा रंग घ्यावा.

फोनची चौकट स्लाइडमध्येच बनवता येते. 6.3 × 14 सेंटीमीटरच्या चित्रामागे 6.8 × 14.5 सेंटीमीटरचा गडद, गोल कोपऱ्यांचा आयत ठेवला की चारी बाजूंनी पाव सेंटीमीटरची पट्टी मिळते. नंतर चित्राला `Crop to Shape` मधून गोल कोपऱ्यांचा आयत द्यावा. इथे बहुतेकांचं चुकतं. कोपऱ्याची गोलाई आपोआप लहान बाजूच्या एक षष्ठांश येते, म्हणजे इथे 1.05 सेंटीमीटर, आणि तेवढ्यात वरचं घड्याळ नि बॅटरीचं चिन्ह कापलं जाऊ शकतं. पिवळी खूण ओढून आतली गोलाई 0.6 च्या आसपास आणावी. बाहेरची गोलाई आतल्या गोलाईत पट्टीची जाडी मिळवून येते, म्हणजे 0.85. दोन्ही सारख्याच ठेवल्या तर कोपऱ्यात पट्टी जाड होते आणि फोन ओबडधोबड दिसतो. शेवटी दोन्ही निवडून `Ctrl+G` ने गट करावा आणि आकार बदलताना `Shift` दाबून कोपऱ्याची खूणच ओढावी.

तयार चौकट वापरायची तर ती पारदर्शक पीएनजी हवी. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, मधल्या जागेत भरीव रंग येतो. चौकटीचं प्रमाणही जुळायला हवं. 20:9 चा स्क्रीनशॉट 16:9 च्या जुन्या फोनमध्ये ताणून बसवला की गोल चिन्हं अंडाकृती होतात, आणि ते लगेच ओळखू येतं.

स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि अक्षरांभोवती करडे ठिपके उमटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मॅकवर `Cmd+Shift+4` आणि नंतर स्पेस दाबून घेतलेल्या विंडोच्या चित्राला सावली आधीच असते. तिच्यावर दुसरी सावली चढू नये म्हणून क्लिक करताना ऑप्शन की दाबून धरावी.

हीच चित्रं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जाणार असतील तर सावली काढून फक्त रेघ ठेवावी. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सावलीचा मळकट डाग होतो.