दुपारची झोप रात्री भरून निघत नाही

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही भाचीला घेऊन पिंपळगाव बसवंतला नात्यातल्यांच्या द्राक्षबागेवर गेलो होतो. भाची पावणेतीन वर्षांची. काढणी चालू होती. क्रेटमध्ये द्राक्षं ठेवता ठेवता एक मावशी तिला म्हणाल्या, "हा बघ घड." पोरीने तो शब्द दुपारपर्यंत तोंडात घोळवला. जेवणं झाली, दोन वाजले आणि ती डोळे चोळायला लागली. पण नाशिकला परत निघायचं होतं. तिची आजी म्हणाली, "राहू दे गं तिला जागी. रात्री लवकर झोपेल, झोप भरून निघेल."

तासांचा हिशेब केला तर आजींचं म्हणणं बरोबर आहे. दुपारी न झोपलेलं मूल रात्री बहुतेक वेळा लवकर झोपतं. पण त्या दिवशी जे नवं शिकून झालं, त्याचा हिशेब असा जुळत नाही. हे कसं कळलं, ते सांगतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रेबेका स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या ४० मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते पाच वर्षांची होती. खेळ आपल्याकडच्या पत्त्यांच्या जोड्या लावण्यासारखा. चौकटीत चित्रं मांडायची, मुलांना ती कुठे आहेत हे पाठ होऊ द्यायचं, मग चित्रं झाकायची आणि विचारायचं, "मांजर कुठे होतं?" सकाळी खेळ झाला. दुपारी मुलं झोपली, सरासरी सव्वा तास. उठल्यावर पुन्हा तेच विचारलं. दुसऱ्या एका दिवशी त्याच मुलांना तशाच खेळानंतर दुपारी जागं ठेवलं. म्हणजे तुलना हुशार आणि कमी हुशार मुलांची नव्हती. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती.

झोपेच्या दिवशी मुलांना सुमारे १० टक्के जास्त जागा आठवल्या. मला महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे अख्खी रात्र झोपून उठल्यावर, पुन्हा विचारलं तेव्हाही हा फरक तसाच होता. दुपारी निसटलेलं रात्रीच्या झोपेने परत आणून दिलं नाही.

असं का व्हावं? नवी आठवण आधी मेंदूच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात ठेवली जाते. तिथून ती मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्की व्हायची असते, आणि हे काम बरंचसं झोपेत चालतं. मोठ्या माणसाची ही तात्पुरती जागा रात्रीपर्यंत पुरते. दोन-तीन वर्षांच्या मुलात हा भाग अजून घडत असतो आणि त्याला दिवसभर नवंच नवं दिसत असतं. जागेपणी येणारी प्रत्येक नवी गोष्ट आधीच्या कच्च्या आठवणीवर पडते. रात्र होईपर्यंत सकाळचं बरंच काही पुसट होतं, मग रात्री पक्कं करायला उरतंच काय?

याच अभ्यासात आणखी काही मुलांच्या डोक्याला तारा लावून झोपेतल्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या होत्या. गाढ होत जाणाऱ्या झोपेत अधूनमधून सेकंदभराचा जलद लहरींचा झुबका उमटतो. कागदावर तो सूत गुंडाळलेल्या चातीसारखा दिसतो, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता. शास्त्रज्ञ त्याला स्पिंडल म्हणतात. ज्या मुलांच्या दुपारच्या झोपेत हे झुबके दाट होते, त्यांना झोपेचा फायदाही जास्त झाला होता.

भाषेचं आणखी वेगळं आहे. तिथे नुसतं लक्षात ठेवून भागत नाही, नियम हाती लागावा लागतो. आपल्याच बोलण्यात पाहा: "मोठा दगड पडला", "मोठी फांदी पडली", "मोठं फूल पडलं". मधला शब्द कोणताही येवो, पहिल्याचं आणि शेवटच्याचं जुळलं पाहिजे. हे मुलाला कोणी शिकवत नाही, ते ऐकून ऐकून काढतं. ॲरिझोना विद्यापीठात रेबेका गोमेझ यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना नेमक्या अशाच बांधणीची एक बनावट भाषा ऐकवली. त्यातही पहिला शब्द शेवटचा शब्द ठरवत असे. त्यानंतर चार तासांच्या आत ज्यांची झोप झाली, त्या बाळांना ही जुळणी नव्या वाक्यांतही ओळखता आली. जागी राहिलेल्या बाळांना फक्त ऐकलेली वाक्यं ओळखीची वाटली. पुढे २००९ मध्ये त्यांच्या गटाने बाळांना चोवीस तासांनी तपासलं. ऐकल्यावर लगेच न झोपलेल्या बाळांकडे, मधे पूर्ण रात्र जाऊनही, त्या भाषेचं काही शिल्लक असल्याची खूण मिळाली नाही.

द्राक्षांचा घड तो घड, हे लक्षात ठेवणं एक. दारावर आलेल्या केळ्यांकडे बोट दाखवून "घड" म्हणणं ही त्यापुढची पायरी. बाळांची झोप हातभार लावते तो या पुढच्या पायरीला.

भाची परतीच्या वाटेवर ओझरच्या आसपास दहा मिनिटं पेंगली आणि गाडी थांबताच जागी झाली. अशी डुलकी फसवी असते. तेवढ्याने झोपेची ओढ कमी होते, मूल घरी पुन्हा झोपत नाही, आणि झोप तर झालेलीच नसते. संध्याकाळी ती ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. एक ठोकळा बसेना. एरवी ती तो फिरवून पाहते, नाहीतर आईकडे बघते. त्या दिवशी तिने सगळा मनोराच उधळला आणि भोकाड पसरलं.

कोलोरॅडो विद्यापीठातला २०१२ चा एक प्रयोग जवळपास हाच आहे. अडीच ते तीन वर्षांच्या दहा मुलांना चित्रांचे तुकडे जुळवायला दिले, एकदा झोपून उठल्यावर आणि एकदा झोप चुकवून. काही कोडी सुटणारी होती, तर काहींत मुद्दाम एक चुकीचा तुकडा टाकला होता. झोप चुकली त्या दिवशी सुटणारं कोडं सोडवतानाचा आनंद ३४ टक्क्यांनी घटला, आणि न सुटणाऱ्या कोड्यावरचा त्रागा ३१ टक्क्यांनी वाढला. त्याहून मला विचार करायला लावलं ते तिसऱ्या नोंदीने: चेहऱ्यावर दिसणारा गोंधळ ३९ टक्क्यांनी कमी झाला. "हे असं का बसत नाही?" असा चेहरा करणारं मूल मदत मागतं, दुसरं काही करून पाहतं. न झोपलेलं मूल ही पायरी गाळून थेट रडण्यावर येतं. आपण त्याला हट्टी म्हणतो. दहा मुलांचा प्रयोग लहानच, पण मुलं तीच आणि बदललेली गोष्ट एकच, म्हणून मी त्याला वजन देतो.

याचा अर्थ मुलाला दामटून झोपवावं असा नाही. स्पेन्सर यांच्या प्रयोगात दुपार चुकल्याचा फटका बसला तो मुख्यतः रोज झोपायची सवय असलेल्या मुलांना. ज्यांची दुपारची झोप सुटत आली होती, ती मुलं जागी राहिली तरी त्यांचं फारसं बिघडलं नाही. मेंदू पुरेसा घडला की तात्पुरती जागाही रात्रीपर्यंत पुरू लागते. बहुतेक मुलांत हे तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान कधीतरी होतं. म्हणून चार वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला झोप हवी असते आणि दुसऱ्याला नको असते, हे अगदी स्वाभाविक आहे. घरी हे ओळखता येतं. दुपारी न झोपताही मूल संध्याकाळी सहा-सातला नीट खेळत असेल, किंवा दुपारी झोपलं की रात्री साडेदहापर्यंत टक्क जागं राहत असेल, तर त्याची दुपार सुटत चालली आहे. सहा वाजता क्षुल्लक कारणावरून आदळआपट आणि गाडीत बसताच डोळा लागणं, हे रोजचं झालं असेल तर अजून नाही.

भाचीचं अजून नाही. तिचा प्लेग्रुप इंदिरानगरलाच आहे, बाराला सुटतो. स्कूटीवर पुढे उभी असताना तिला पेंग येते, म्हणून तिची आई घर येईपर्यंत तिला बोलतं ठेवते. वरणभात होतो, पडदे ओढले जातात, आणि एकच्या सुमारास आजीच थोपटायला बसतात.